यंत्राच्या मजकुराला माणसाचा आवाज

(पंचायत सचिव, प्राथमिक शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चॅटजीपीटी हे मजकूर लिहून देणारे यंत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि त्यापाठोपाठ त्याच धर्तीची आणखी यंत्रे आली. आज पंचायतीची सूचना, शाळेचे पालकांना पत्र, सहकारी संस्थेचा अहवाल यांचे मसुदे अनेक ठिकाणी ह्या यंत्रांकडून तयार करवून घेतले जातात. मसुदा क्षणात मिळतो, शुद्धलेखन बहुधा ठीक असते, भाषा गुळगुळीत असते. तरीही सूचना वाचून झाल्यावर माणूस शेजाऱ्याला विचारतो, "म्हणजे नक्की काय करायचे?" भाषा इतकी नीटनेटकी असूनही हा प्रश्न का उरतो, आणि तो उरू नये म्हणून मसुद्यावर कोणते संस्कार करावेत, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम एक नमुना पाहू. गोव्यातील एका पंचायतीची कल्पना करा. गावाची पाण्याची मोठी टाकी धुवायची आहे. सचिवांनी यंत्राला एवढेच सांगितले, "टाकी स्वच्छ करणार आहोत, ग्रामस्थांसाठी सूचना लिहा." यंत्राकडून असा मजकूर आला:

"आदरणीय ग्रामस्थांनो, स्वच्छ आणि सुरक्षित पाणी हा निरोगी जीवनाचा पाया आहे. नागरिकांचे आरोग्य सुनिश्चित करण्यासाठी पंचायत सदैव कटिबद्ध आहे. हे लक्षात घेऊन, पंचायतीद्वारे पाण्याच्या टाकीच्या स्वच्छतेची एक महत्त्वपूर्ण मोहीम हाती घेण्यात येत आहे. ही केवळ एक स्वच्छता प्रक्रिया नाही, तर आरोग्यदायी भविष्याच्या दिशेने टाकलेले एक पाऊल आहे. या कालावधीत पाणीपुरवठा तात्पुरता प्रभावित होऊ शकतो. सर्व नागरिकांना विनंती आहे की त्यांनी आवश्यक ती खबरदारी घ्यावी, पाण्याचा विवेकपूर्ण वापर करावा आणि प्रशासनाला सहकार्य करावे. चला, आपले गाव स्वच्छ, सुंदर आणि निरोगी बनवूया!"

ह्यात व्याकरणाची ढोबळ चूक नाही. पण वरच्या वाड्यावर राहणाऱ्या घराचा विचार करा. घरात एक म्हातारी, एक सून आणि चार महिन्यांचे मूल आहे. टाकी कोणत्या दिवशी धुणार, नळ कधी बंद होणार, पाणी किती दिवसांचे भरून ठेवायचे, ह्यांपैकी एकही गोष्ट सूचनेत नाही. "प्रभावित होऊ शकतो" ह्या शब्दांवरून नळाला पाणी येणार नाही, हे त्या सुनेला कसे कळावे? सूचना फलकावर लागली, फोनवर घरोघर पोहोचली, आणि ठरल्या दिवशी त्या घरात घागर रिकामी राहिली, तर दोष वाचणाऱ्याचा म्हणता येणार नाही.

असा मजकूर यंत्राकडून का येतो, हे समजून घेतल्यास पुढचे काम सोपे होते. ह्या यंत्राला प्रचंड प्रमाणात लिखित मजकूर वाचावयास दिलेला असतो. त्यावरून, लिहिलेल्या शब्दांनंतर पुढचा तुकडा कोणता येण्याचा संभव अधिक, ह्याचा अंदाज करीत ते एकेक तुकडा जोडत जाते. त्यानंतर माणसांकडून त्याच्या उत्तरांची पसंती घेतली जाते आणि सौम्य, सर्वसमावेशक, व्यवस्थित वाटणाऱ्या उत्तरांकडे त्याला वळविले जाते. आता, यंत्राला तुमची टाकी ठाऊक नाही, नळ सोडणारा कर्मचारी ठाऊक नाही, वरच्या वाड्यावर पाणी उशिरा चढते हेही ठाऊक नाही. जे ठाऊक नाही त्याची जागा ते अशा वाक्यांनी भरते, जी अशा प्रकारच्या हजारो सूचनांत आढळतात. म्हणून गुळगुळीतपणा हा मुळात माहितीच्या अभावावर चढविलेला मुलामा आहे. मुलामा खरवडून काढला आणि आत माहिती घातलीच नाही, तर हाती काहीच उरत नाही. दुरुस्तीचा खरा आरंभ येथून होतो.

दुसरे कारण भाषेचे आहे. यंत्राने वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा फार थोडा असतो. त्यामुळे शब्द मराठी असले तरी वाक्याची बांधणी पुष्कळदा इंग्रजी वळणाची असते. मात्र सगळा दोष यंत्राच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. "कटिबद्ध", "सर्वांगीण विकास", "आवश्यक ती कार्यवाही" ही भाषा यंत्राच्या जन्मापूर्वीपासून सरकारी परिपत्रकांत नांदत आहे. यंत्र ती आपल्याकडूनच शिकले आणि आता दुप्पट करून परत देत आहे.

आता दुरुस्ती. तिच्या चार पायऱ्या आहेत, आणि त्या ह्याच क्रमाने घ्याव्यात.

पहिली पायरी वगळण्याची. प्रत्येक वाक्यापुढे थांबून एक कसोटी लावावी. गावाचे नाव आणि विषय बदलला तरी हे वाक्य जसेच्या तसे चालेल काय? चालत असेल, तर त्यावर काट मारावी. वरील सूचनेला ही कसोटी लावून पाहा. "पंचायत कटिबद्ध आहे" हे वाक्य रस्त्याच्या, दिव्यांच्या, कचऱ्याच्या कोणत्याही सूचनेत चालते. "भविष्याच्या दिशेने टाकलेले पाऊल" झाडे लावण्याच्या कार्यक्रमातही चालते. "स्वच्छ, सुंदर आणि निरोगी" ह्या तीन विशेषणांच्या माळेचेही तेच. काट मारीत गेल्यावर सात वाक्यांतून दोनच गोष्टी हाती राहतात: टाकी धुणार आहेत, आणि पाण्याची अडचण होणार आहे. मसुद्यात मूळ माहिती किती होती, हे ह्या काटछाटीने उघड होते.

दुसरी पायरी विचारण्याची. ही लेखणीची नसून चौकशीची पायरी आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. उरलेल्या दोन गोष्टींपुढे कोण, केव्हा, कोठे, किती आणि मग काय, हे प्रश्न लिहावेत, आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे त्या माणसाला विचारावे. आपल्या उदाहरणात तो माणूस म्हणजे रोज नळ सोडणारा कर्मचारी. त्याला फोन केला असता तो सांगतो, "मंगळवारी सकाळी सहाला टाकी रिकामी करणार. दिवसभर पाणी नाही. सोमवारी संध्याकाळी एक तास जास्त सोडतो, पाच ते आठ. बुधवारी सकाळी सहाला परत सुरू. पण वरच्या वाड्यावर चढायला दुपार होईल हां. आणि पहिले पाणी ब्लीचिंगचे येणार, वास मारील, ते पिऊ नका म्हणून सांगा." ह्या पाच-सहा वाक्यांत सबंध सूचना आलेली आहे. यंत्राने लिहिलेल्या मजकुरात जो माणूस सापडत नव्हता तो हाच.

येथे एक धोका सांगितलाच पाहिजे. ही चौकशी टाळून यंत्रालाच "जरा नेमके लिहा" असे सांगितले, तर ते नेमके लिहितेही. वार, वेळ, टँकरची जागा, सगळे काही घालून देते. पण ते त्याने रचलेले असते. मोघम सूचनेने माणूस गोंधळतो, पण रचलेल्या वेळेवर विसंबून तो फसतो. म्हणून मसुद्यातील प्रत्येक आकडा, वार आणि नाव ह्यांवर बोट ठेवून, हे कोणी सांगितले, असे विचारावे. सांगणारा सापडला नाही, तर तो तपशील ठेवू नये.

तिसरी पायरी वाक्यांची मोड बदलण्याची. येथे तीन खुणा लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ काम होते.

पहिली खूण नामांच्या गर्दीची. मराठी क्रियापदावर चालते. यंत्र क्रियापदाचे नाम करते आणि त्यामागे एक पोकळ क्रियापद जोडते. "पाणी साठविण्याची प्रक्रिया पूर्ण करावी", "पाण्याची उपलब्धता सुनिश्चित करावी" ही ती वाक्ये. घरात कोणी असे बोलत नाही. "पाणी भरून ठेवावे" एवढे पुरते. "द्वारे" हा शब्दही असाच तपासावा. "पंचायतीद्वारे मोहीम हाती घेण्यात येत आहे" ह्याऐवजी "पंचायत टाकी धुणार आहे" असे म्हटले की काम कोणाचे हेही स्पष्ट होते.

दुसरी खूण विनंतीची. "सर्व नागरिकांना विनंती आहे की त्यांनी खबरदारी घ्यावी" ह्या रचनेत "नागरिकांना" म्हणून झाल्यावर पुन्हा "त्यांनी" येते. मराठीतील "घ्यावी", "ठेवावे", "भरावे" ह्या विध्यर्थी रूपांतच विनंती आणि सूचना दोन्ही सामावलेल्या आहेत. "ग्रामस्थांनी सोमवारीच पाणी भरून ठेवावे" ह्या वाक्याला वेगळी विनंती जोडण्याची गरज नाही, आणि ते उद्धटही वाटत नाही.

तिसरी खूण जोराची. ज्या शब्दावर जोर द्यायचा तो मराठीत बहुधा क्रियापदाच्या लगत आणला जातो, किंवा त्याला "च" जोडला जातो. "मंगळवारी पाणी येणार नाही" आणि "पाणी मंगळवारी येणार नाही" ह्या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. पण दुसरे ऐकणारा विचारील, "मग कधी येणार?" पहिले ऐकणारा घागरी भरील. यंत्र अशा ठिकाणी "अत्यंत महत्त्वाचे", "विशेषतः" असे शब्द पेरते किंवा "केवळ हे नाही, तर ते" अशी रचना करते. तेथे शब्दाची जागा बदलून किंवा एक "च" घालून पाहावे.

ह्या तीन पायऱ्यांनंतर सूचना अशी होते:

"मंगळवार, ता. १२ मे रोजी पंचायत गावाची मोठी टाकी धुणार आहे. त्या दिवशी नळाला पाणी येणार नाही. सोमवारी संध्याकाळी ५ ते ८ पाणी सोडले जाईल. नेहमीपेक्षा ते एक तास अधिक राहील. तेव्हाच मंगळवारचे व बुधवार सकाळचे पाणी भरून ठेवावे. बुधवारी सकाळी ६ वाजता पाणी पुन्हा सुरू होईल. वरच्या वाड्यावर ते दुपारपर्यंत पोहोचेल. तेथील लोकांसाठी बुधवारी सकाळी ८ वाजता शाळेजवळ टँकर उभा राहील. नळाला प्रथम येणाऱ्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास येईल. वास जाईपर्यंत ते पिऊ नये व स्वयंपाकाला वापरू नये. काही अडचण आल्यास पंचायत कार्यालयात सचिवांना भेटावे."

टँकरची ओळ मूळ मसुद्यात नव्हती आणि कर्मचाऱ्यानेही सांगितली नव्हती. वरच्या वाड्यावर दुपारपर्यंत पाणी नाही, हे लिहिताना ध्यानात आले, सरपंचांशी बोलणे झाले, आणि टँकर ठरला. मजकूर स्पष्ट करू जाताना कारभारातील एक उणीव दिसली आणि ती वेळेत भरून निघाली. "प्रभावित होऊ शकतो" एवढ्यावर सूचना थांबली असती, तर ती उणीव त्याच शब्दांखाली झाकली गेली असती.

चौथी पायरी मोठ्याने वाचण्याची. लिहिणाऱ्याने ते स्वतःशी वाचून भागत नाही. ज्याच्यासाठी सूचना आहे अशा एखाद्याला, कार्यालयात आलेल्या वृद्धाला किंवा शाळेच्या शिपायाला, ती एकदाच वाचून दाखवावी आणि कागद बाजूला ठेवून विचारावे, "आता तुम्ही काय कराल?" "सोमवारी पाणी भरीन" असे उत्तर आले, तर सूचना तयार झाली. "चांगले लिहिले आहे" असे उत्तर आले, तर ती अजून तयार झालेली नाही. वाचताना ज्या शब्दावर आपली जीभ अडखळली, तो शब्दही त्याच वेळी बदलावा.

ह्याउलट मार्गाने जाणारेही पुष्कळ आहेत. ते यंत्राला सांगतात, "हे माणसाने लिहिल्यासारखे कर." यंत्र मग "अहो मंडळी" अशी सुरुवात करते, दोन म्हणी घालते, वाक्ये मुद्दाम तोडते, कधी बोलीतले शब्द पेरते. हाही एक मुलामाच झाला. फक्त रंग निराळा. त्या मंडळींना पाणी कधी बंद होणार, हे अजूनही कळलेले नसते. माणसाचा आवाज बोलीच्या शब्दांवरून ओळखला जातो त्यापेक्षा, त्याला काय ठाऊक आहे आणि तो काय सांगायचे ठरवतो, ह्यावरून अधिक ओळखला जातो. औपचारिक भाषेतही तो ऐकू येतो. कायद्याचे कलम, निविदेची अट किंवा ग्रामसभेचा ठराव ह्यांची भाषा म्हणूनच सोपी करण्याच्या भरात बदलू नये. तेथील शब्दाला कायद्याचा अर्थ जोडलेला असतो. फार तर खाली त्याचा अर्थ वेगळा लिहावा.

शिक्षकांच्या दृष्टीने ह्या विषयाला दोन बाजू आहेत. पहिली त्यांच्या स्वतःच्या लेखनाची. प्रगतिपुस्तकातील शेरा यंत्राकडून लिहून घेतला, तर तो असा येतो: "विद्यार्थ्याने उल्लेखनीय प्रगती दर्शविली असून गणित विषयात अधिक लक्ष केंद्रित करणे आवश्यक आहे." हा शेरा वर्गातील चाळीसही मुलांना चालतो. ज्या शिक्षिकेने त्या मुलाची वही पाहिली आहे ती लिहिते, "गुणाकार पक्का आहे. वजाबाकीत हातचा घेताना चुकतो. रोज घरी पाच उदाहरणे करून घ्यावीत." पालकाला आता संध्याकाळी काय करायचे ते कळते. पहिला शेरा लिहिण्यासाठी मूल ठाऊक असावे लागत नाही. दुसरा त्याशिवाय लिहिताच येत नाही.

दुसरी बाजू मुलांच्या लेखनाची, आणि येथे सावधगिरी हवी. गुळगुळीत निबंध पाहिला की, हा यंत्राने लिहिला, असा आरोप करण्याचा मोह होतो. काही शब्दांचा अतिरेक मोठ्या संख्येत निश्चित दिसतो. २०१० ते २०२४ ह्या काळातील दीड कोटीहून अधिक वैद्यकीय शोधनिबंधांचे सारांश संशोधकांनी तपासले आणि त्यांचा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजीतील "डेल्व्ह", म्हणजे खोलात शिरणे, ह्यासारख्या शब्दांचा वापर एकाएकी वाढला होता, आणि त्यावरून २०२४ मधील किमान साडेतेरा टक्के सारांशांना यंत्राचा हात लागला असावा, असे त्यांना आढळले. परंतु लाखो लेखांवरून काढलेला हा अंदाज एका लेखाला लागू करता येत नाही. तो शब्द पूर्वीही माणसे वापरीतच होती.

यंत्राचे लेखन ओळखून देतो म्हणणारी साधनेही भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनविणाऱ्या ओपनएआय ह्या कंपनीने असे एक साधन २०२३ च्या आरंभी दिले आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच वर्षी अशी सात साधने तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा परीक्षार्थींनी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध ह्या साधनांनी यंत्राचे ठरविले. परकी भाषा जपून, ठरावीक शब्दांत लिहिणारा माणूस साधनाला यंत्रासारखा दिसला. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशी आपल्या कित्येक मुलांची स्थिती आहे. त्यांच्या बाबतीत असा अन्याय किती सहज होईल, हे त्यावरून लक्षात यावे. शंका आली, तर साधनाऐवजी मुलाला विचारावे. निबंधातील एक वाक्य घेऊन, हे तू कोठे पाहिलेस, असे विचारले की ज्याने लिहिले तो सांगू लागतो. "माझ्या गावची जत्रा" ह्या विषयावर "सांस्कृतिक वारशाचे दर्शन घडते" असे लिहिणाऱ्या मुलाला, पालखी कोठून निघते, मिठाईची दुकाने कोठे लागतात, असे विचारावे. तो जे बोलेल ते लिहावयास सांगावे. निबंध तेथेच सुधारतो, आणि आरोपाची गरजही उरत नाही.

यंत्राचा उपयोग कोणता, असा प्रश्न ह्यावर येणे स्वाभाविक आहे. वरील क्रम उलटा केला, तर तो उपयोग सापडतो. आधी नळ सोडणाऱ्याला फोन करावा, माहिती कच्ची लिहून घ्यावी, आणि मग ती यंत्राला देऊन सांगावे की एवढ्याच गोष्टी, ह्याच क्रमाने, सूचनेच्या रूपात लिही. नवे काही घालू नकोस. मग येणारा मसुदा पुष्कळ आटोपशीर असतो आणि त्यात शुद्धलेखन व मांडणी ह्यांची मदत होते. तरीही पहिल्या आणि शेवटच्या वाक्यावर नजर ठेवावी, कारण यंत्राला आरंभी प्रस्तावना आणि शेवटी आवाहन जोडण्याची खोड आहे. ती दोन वाक्ये काढून टाकली तर सूचनेचे काही बिघडत नाही, असेच बहुधा दिसून येते.

शेवटी सूचनेखाली सही सचिवांची असते. टँकर आला नाही, पाण्याला वास आला, तर लोक त्या सहीच्या माणसाकडे येतात. म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक वाक्याबाबत त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: उद्या कोणी दारात येऊन ह्याचा अर्थ विचारला, तर मला तो सांगता येईल काय? ज्या वाक्याचा अर्थ सांगता येणार नाही, ते वाक्य सही होण्यापूर्वी कागदावरून उतरवावे.